चौतीसची ओळ

उस्मानपुऱ्यात एका बँकेच्या वरच्या मजल्यावर रविवारी सकाळी मी दहावीच्या मुलांना गणित शिकवत असे. शाळेतून निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती. क्लास माझ्याच एका जुन्या विद्यार्थ्याचा. तो म्हणाला होता, "मॅडम, दहावीच्या पुस्तकात लॉग नाहीये, पण अकरावीत गेल्या गेल्या केमिस्ट्रीत येतो आणि पोरं गडबडतात. परीक्षेत कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉगचं आकड्यांचं टेबलच बघावं लागतं. ज्यांना सायन्स घ्यायचंय त्यांची एक बॅच करू. तुम्ही या." मी गेले. घरात दुसरं कोणी नव्हतं, आणि शिकवणं सोडल्यावर दिवस मोठे वाटायला लागले होते.

उजवा डोळा दोन वर्षांपूर्वीच अधू झाला होता. डॉक्टरांनी सांगितलं होतं, पडद्याचा मधला भाग झिजलाय, दुसऱ्या डोळ्यावर लक्ष ठेवा. त्यांनी एक चौकटींचा कागद दिला होता. रोज एक डोळा झाकून त्याकडे बघायचं, रेषा वाकड्या दिसल्या तर लगेच यायचं. तो कागद मी फ्रिजवर चिकटवला. सुरुवातीला रोज बघत असे, मग आठवड्यातून एकदा, मग बघणं सुटलं. दिवाळीनंतर एकदा नजर गेली तेव्हा मधल्या दोन रेषा जराशा आत ओढल्यासारख्या वाटल्या. कागदच फुगला असेल, असं मी स्वतःला सांगितलं.

बॅचमध्ये बावीस मुलं होती. त्यातली एक मुलगी करमाडहून यायची. जालना रोडला एसटी मिळाली तर एसटी, नाहीतर काळीपिवळीत दाटीवाटीनं बसून. घरी पूर्वी मेंढरं होती. आता थोडीच उरली होती आणि वडील शेंद्र्याला एका कंपनीत माल चढवायला जात. पोरीनं सायन्स घ्यावं असं आईला वाटायचं. चुलत्याचं म्हणणं होतं की गावात आर्ट्सचं कॉलेज आहे, एवढ्या लांब कशाला पाठवायची. हे मला आईनंच सांगितलं होतं, पहिल्या दिवशी ती मुलीला सोडायला आली होती तेव्हा. जाताना म्हणाली, "मॅडम, तुम्ही सांगितलं तर तिचे काका ऐकतील. मास्तर माणसाचं लई ऐकतात ते."

मुलगी फार बोलायची नाही. वही मात्र अशी ठेवायची की बघत राहावं. पूर्णांश, म्हणजे लॉगमधला दशांशचिन्हाआधीचा भाग, काढायचा नियम मी सांगितला. संख्या एकापेक्षा मोठी असेल तर दशांशचिन्हाच्या आधीचे अंक मोजायचे आणि एक वजा करायचा. एकापेक्षा लहान असेल तर चिन्हानंतर लागोपाठ किती शून्यं आहेत ते मोजायचं, त्यात एक मिळवायचा आणि डोक्यावर बार, म्हणजे उण्याची आडवी रेघ, द्यायचा. वर्गात बहुतेकांचा गोंधळ बारपाशी झाला. ते सगळी संख्याच ऋण धरायचे. तिनंच विचारलं होतं, "म्हणजे मॅडम, बार फक्त पूर्णांशावर, आणि अपूर्णांश कायम धनच?" मी म्हटलं, हो, एवढं कळलं की निम्मं काम झालं.

तो रविवार डिसेंबरातला होता. मी फळ्यावर गणित लिहिलं : ०.०३४७ गुणिले ६२.५, लॉग वापरून. आधी मुलांना वहीत करू दिलं, मग फळ्यावर सोडवायला घेतलं. ०.०३४७ मध्ये चिन्हानंतर एक शून्य, म्हणून पूर्णांश बार दोन. ६२.५ मध्ये चिन्हाआधी दोन अंक, म्हणून पूर्णांश एक. अपूर्णांशासाठी टेबल. बासष्टची ओळ, पाचखाली, ७९५९. हा मला पाठच होता. मग चौतीसची ओळ, सातखाली. मी पुस्तक खिडकीकडे धरलं, बोटानं ओळ पकडली आणि वाचलं, ५५२७.

बेरीज केली. अपूर्णांशांची बेरीज एक पॉइंट तीन चार आठ सहा. हातचा एक पूर्णांशाकडे गेला. वजा दोन, अधिक एक, अधिक हातचा एक, म्हणजे शून्य. उत्तराचा लॉग ०.३४८६. त्या लॉगवरून परत संख्या काढायला, म्हणजे अँटिलॉग वाचायला, पहिल्या बाकावरच्या मुलीला सांगितलं. तिनं अँटिलॉगच्या टेबलात पॉइंट चौतीसची ओळ धरली, आठखाली २२२८ वाचलं, शेवटच्या सहासाठीचा फरक तीन मिळवला, २२३१. पूर्णांश शून्य, म्हणून चिन्हाआधी एक अंक. मी फळ्यावर लिहिलं, २.२३१, आणि खाली दोन रेघा ओढल्या.

वर्गात खोडरबरांचा आवाज आला. मला वाटलं, पोरांनी काहीतरी चुकवलं असेल.

करमाडची मुलगी वही घेऊन माझ्यापाशी आली. "मॅडम, माझं दोन पॉइंट एक सहा नऊ येतंय."

"चौतीसची ओळ नीट बघितलीस का?"

"बघितली. पाच चार शून्य तीन हाये."

मी पुस्तक तिच्यासमोर ठेवलं, बोट टेकवलं. "ही चौतीसची ओळ. हे सातचं घर. पाच पाच दोन सात."

ती माझ्या बोटाकडे बघत राहिली. मग माझ्याकडे बघितलं. हळूच म्हणाली, "मी गुणून बी बघितलं, मॅडम."

मला राग का आला ते तेव्हा कळलं नाही. आता कळतं. ओळी हलत होत्या, हे मला दिसत होतं. चौतीस आणि पस्तीस एकमेकींत शिरत होत्या, आणि मी त्यातली एक पकडून तीच खरी म्हणत होते. तिच्या बोलण्यानं ते उघडं पडलं असतं. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले.

"गुणाकार चौथीतली पोरंही करतात. तू इथं लॉग शिकायला आलीस ना? टेबलातली एक ओळ धरून वाचता येत नसेल तर सायन्स झेपणार नाही तुला. घरी सांग तसं."

ती "व्हय मॅडम" म्हणाली आणि जागेवर गेली. तास संपेपर्यंत तिनं मान वर केली नाही.

घरी आले, भात टाकला, आणि तिचं ते वाक्य डोक्यातून जाईना. टेबल उघडायचं धाडस झालं नाही. मी एक पाठकोरा कागद घेतला आणि मोठ्या अक्षरांत साधा गुणाकार मांडला. तीनशे सत्तेचाळीस गुणिले सहाशे पंचवीस. दोन लाख सोळा हजार आठशे पंचाहत्तर. चिन्ह जागेवर दिलं : २.१६८७५. टेबलानं येतं ते २.१६९.

मग उजवा डोळा झाकून फ्रिजसमोर उभी राहिले. कागदाच्या मधोमध सगळ्या चौकटी एका बाजूला वाहून गेल्यासारख्या झाल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गेले. डोळ्यात इंजेक्शन द्यायचं ठरलं, महिन्याला एक. डॉक्टर म्हणाले, आहे ते टिकवायचा प्रयत्न करू, गेलेलं परत येईल असं धरून चालू नका. एवढं सगळं मी त्याच आठवड्यात केलं. पण करमाडला फोन केला नाही. नंबर क्लासच्या रजिस्टरमध्ये होता. येत्या रविवारी तिला बाजूला घेऊन सांगू, असं ठरवलं.

त्या रविवारी ती आली नाही. पुढच्याही नाही. मी क्लासच्या मालकाला विचारलं. तो म्हणाला, "त्यांच्या घरून फोन आला होता, सोडलाय तिनं. लांबची पोरं असंच करतात, मॅडम." मी मान हलवली. खरं सांगितलं असतं तर त्यानं मला दुसऱ्या दिवसापासून येऊ नका म्हटलं असतं, आणि रविवारची ती सकाळ मला सोडायची नव्हती. लॉगचा धडा मी तिथंच संपवला आणि ज्यात बारीक आकडे वाचावे लागत नाहीत ते भूमितीचं प्रकरण काढलं.

जानेवारीच्या शेवटी मात्र राहवलं नाही. तास सुरू होण्याआधी मी वर्गाला सांगितलं की त्या दिवशी फळ्यावरचं उत्तर चुकीचं होतं. मी चौतीसऐवजी पस्तीसची ओळ वाचली होती. बरोबर उत्तर दोन पॉइंट एक सहा नऊ.

मग पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, "आमचं आधी तेच आलं होतं, मॅडम. निम्म्या वर्गाचं."

"मग?"

"तुम्ही फळ्यावर लिहिलं, म्हणून खोडलं."

मी फळ्यावर मोठ्या अक्षरांत २.१६९ लिहिलं.

करमाडला मी गेले ते जूनमध्ये, दहावीचा निकाल लागून गेल्यावर. तोवर दरवेळी एक कारण होतं. आधी इंजेक्शनं, मग त्यांची बोर्डाची परीक्षा, मग ऊन. घर रस्त्यापासून आत होतं. आईनं ओळखलं, बाज टाकली, पाणी दिलं. मी काय झालं ते सगळं सांगितलं. शेवटी म्हणाली, "तिनं घरी येऊन जसंच्या तसं सांगितलं होतं. मॅडम म्हणल्या झेपणार नाय. तिच्या काकांनी तेच धरलं. मी काय बोलणार? मास्तरणीच्या पुढं माझं कोण ऐकतंय."

"मी बोलते त्यांच्याशी."

"फॉर्म भरला, मॅडम. गावातल्या कॉलेजात. गणित नायच तिकडं."

मुलगी चाऱ्याचा भारा घेऊन आली. मला बघून थांबली, भारा टाकला आणि पाया पडायला वाकली. मी तिचे हात धरले. माझी चूक होती, मला दिसत नव्हतं, तुझं बरोबर होतं, असं भराभरा म्हणून टाकलं.

"माहिताय मला," ती म्हणाली. "तुमचं बोट पस्तीसवर होतं."

"तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"सगळ्यांसमोर कसं सांगायचं? तुम्हाला दिसत नाय, असं?"

चुलते गावाला गेले होते. मी संध्याकाळपर्यंत थांबले, ते आले नाहीत. नंतर फोनवर भेटले. आदरानं बोलले. म्हणाले, "तुम्ही बोलल्या होत्या तेच बरं होतं, मॅडम. आता पोरीच्या डोक्यात परत कशाला घालता?"

त्या संध्याकाळी निघताना मुलगी मला रस्त्यापर्यंत सोडायला आली. जालना रोडवर ट्रक किती लांब आहे ते मला नीट कळत नव्हतं. तिनं न विचारता माझं मनगट धरलं, पलीकडे नेलं, एसटीची पाटी वाचली आणि मला आत बसवून दिलं.

क्लास मी त्याच महिन्यात सोडला. मालकाला कारणही खरं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि फक्त एवढंच म्हणाला की आधी सांगायला हवं होतं. डावा डोळा आता मोठी अक्षरं ओळखतो, तेवढंच. त्या घरी मी त्यानंतर तीनदा फोन केला. तिन्ही वेळा आईनं उचलला आणि पोरगी शेतात गेलीय म्हणून सांगितलं. चौथ्यांदा केला नाही.