नऊ जणांचं सारखंच उत्तर

उत्तरपत्रिका तपासणीच्या खोलीत त्यांना माघारी ‘अर्धे सर’ म्हणत. द्विपद वितरणावरून प्रसामान्य वितरणाकडे जाताना ज्याने अर्ध्याची दुरुस्ती केली नाही, त्याची खैर नसे. ‘किमान ४८’ म्हणजे ४७.५ पासून, हे ते अशा आवाजात सांगत, जणू तो अर्धा कुणी त्यांच्याच घरून पळवला होता.

यंदा ते मुख्य परीक्षक. आदर्श उत्तरंही त्यांनीच हाताने लिहून दिलेली. प्रश्न साधा होता: चारशे बल्ब, सदोष निघण्याची शक्यता ०.१, तर किमान ४८ सदोष असण्याची संभाव्यता किती? एकाने चांगल्या बल्बांची शक्यता धरून सरासरी चाळीसऐवजी ३६० काढली. दुसऱ्याने प्रमाण विचलन ६ सोडून प्रचरण ३६ नेच भागलं. काही जण ४८ वरच थांबले आणि ०.०९१८ वर पोचले. सर मजेत लाल पेन चालवत होते.

मग नऊ पत्रिकांत एकच उत्तर सापडलं: ०.१०५६. आदर्श उत्तर होतं ०.१०३८. सरांनी गैरप्रकाराचा अहवाल लिहायला घेतला. तो गेला की नऊ जणांचा निकाल अडकणार, वर्ष हातचं जाणार.

शेजारी त्यांची भाची बसली होती, यंदाच परीक्षक झालेली. तिने सांगून पाहिलं, की पत्रिका तीन वेगवेगळ्या केंद्रांवरच्या आहेत आणि नऊही जणांचा z, म्हणजे तक्त्यात ज्यावरून संभाव्यता बघायची तो आकडा, १.२५ बरोबर आहे. सर म्हणाले, पोरं तक्ता पट्टी न लावता वाचतात, नजर घसरते.

“मग तुम्हीच लावा ना पट्टी,” ती म्हणाली, आणि तक्ता पुढे सरकवला.

सरांनी १.२ च्या ओळीखाली पट्टी धरली. ०.०५ चा रकाना: ०.८९४४. एकातून वजा केलं, ०.१०५६. त्यांनी स्वतः उतरवलं होतं ०.८९६२, शेजारच्या ०.०६ च्या रकान्यातलं. पट्टी पुन्हा लावली. आकडा काही बदलेना.

“छापणाऱ्याची चूक असेल,” ते म्हणाले.

“हो मामा. अक्षरही त्यानेच तुमचं काढलं असेल.”

खोलीत तिने त्यांना ‘सर’ म्हणायचं ठरलं होतं, पण आज त्यांनी हटकलं नाही. अहवालाचा कागद फाडला, उठून बाकीच्या परीक्षकांना चूक सांगितली आणि तपासून झालेले गठ्ठे परत मागवले. कुणी हसलं नाही. सगळे एकदम खाली बघून पेनाची टोपणं शोधू लागले.

नवांचे गुण वाढवून झाले. राहिला एक मुलगा, ज्याला ०.१०३८ साठी पूर्ण गुण मिळाले होते. त्याचीही नजर त्याच रकान्यात घसरली होती. त्याचा एक गुण कापायला सरांना बराच वेळ लागला.