मांजरपाटाची गाळणी

गंगाखेडात चंद्रभानला कुणाचा हेवा वाटत नसे. बसस्टँडसमोर फिल्टर कॉफी विकणारा तो एकटाच होता, त्यामुळे हे त्याला परवडत होतं. हैदराबादेतल्या हॉटेलात सात वर्षं काढून तो पितळी फिल्टर घेऊन आला. एकदा घेतला की पुढं खर्च नाही. बारीक भोकांतून कॉफीबरोबर थोडा गाळही उतरायचा, पण दुधात तो कुणाला दिसत नसे.

मग निवृत्त मास्तर दिनकररावांना मधुमेह निघाला. डॉक्टरांनी साखर तोडली, सरांनी रागाच्या भरात दूधही सोडलं. काळ्या कॉफीच्या तळाशी चिखल दिसू लागला.

"चव भरपूर आहे, चंद्रभान. पण शेवटचा घोट चावावा लागतो."

त्याच महिन्यात पुण्याहून परतलेल्या प्रियांकानं समोर गाडा लावला. तिची गाळणी कागदाची. सरांसारखं अकरा वर्षांपासूनचं गिऱ्हाईक रस्ता ओलांडून गेलं, तेही डावं-उजवं न बघता.

चंद्रभानचं दूध त्या आठवड्यात दोनदा उतू गेलं. "कपामागं चार रुपयाचा कागद कचऱ्यात जायलाय. आन लोक त्याला चव म्हनायलेत."

"मग तुमच्या पोटात का दुखायलंय?" बायको राजेश्री म्हणाली.

त्यानं प्रियांकाकडूनच एक कप मागवला. तळ काचेसारखा. कागदानं तेलही अडवलेलं, म्हणून कॉफी हलकी. पण चांगली होती. हे त्याला सर्वांत जास्त लागलं.

हैदराबादेतला म्हातारा उस्ताद कापडातून गाळायचा, ते त्याला आठवलं. राजेश्रीनं मांजरपाटाची पिशवी शिवून तारेच्या कड्याला लावली. दोन दिवस कॉफी झकास झाली. तिसऱ्या दिवशी त्यानं सरांना हाताला धरून आणलं. त्याच पहाटे राजेश्रीनं, सरांसमोर कळकट फडकं नको म्हणून, ते वॉशिंग पावडरनं घासून काढलं होतं.

सरांनी घोट घेतला. "तळ स्वच्छ आहे. पण सदरा पिल्यासारखं वाटतंय."

बाकावरचे सगळे हसले. प्रियांका रस्ता ओलांडून आली. "काका, त्याला साबण लावू नका. नुसत्या पाण्यात उकळा आन पाण्यातच बुडवून ठेवा, पाणी रोज बदला. वाळलं की त्यातलं तेल खवट होतंय. दोन-तीन महिन्यांनी नवं शिवा."

"तुला इचारलं का कुनी?"

ती गेल्यावर त्यानं नवी पिशवी शिवून घेतली आणि अक्षरशः तिनं सांगितलं तसंच केलं.

आठवड्यानं सर पुन्हा बाकावर बसले. कप रिकामा केला, तळ बघितला. "कागदापेक्षा भरीव, पितळेपेक्षा स्वच्छ. उद्यापासून इथंच." चंद्रभानची मान ताठ झाली. तेवढ्यात सरांनी समोर हाक मारली, "प्रियांका, तुझी युक्ती लागू पडली बरं का!"

दुसरा कप हवा का, हे चंद्रभाननं त्या दिवशी सरांना विचारलं नाही.