गाडीचं लायसन्स

डोळ्यांच्या डॉक्टरांनी काकांना मोटार चालवायला कायमची मनाई केली, त्या दिवशी घरात सगळ्यात जास्त घाबरले ती मी. काका शांत होते. काकू चष्म्याची काच पुसत बसल्या होत्या. मी स्वयंपाकघरात कणीक मळता मळता एकच विचार करत होते: आता हे दोघं खराडीला लेकीकडे जाणार, आणि मी कुठे जाणार?

मी चंद्रपूरकडची. शाळा नववीत सुटली. ओळखीने पुण्याला आले आणि धायरीत या दोघांकडे राहून काम करायला लागले. स्वयंपाक, औषधं, काकूंच्या गुडघ्याचे व्यायाम. माझी स्वतःची खोली होती, तिला आतून कडी होती. घरी आम्ही सहा जण एका खोलीत झोपायचो, त्यामुळे त्या कडीचं मला काय वाटायचं ते सांगता येत नाही.

ताई, म्हणजे त्यांची मुलगी, रविवारी आली आणि सरळ म्हणाली, "आई, आठवड्यातून तीनदा फिजिओथेरपी. रिक्षात तुला चढता येत नाही, कॅबवाला लिफ्टपर्यंत येत नाही. चला माझ्याकडे."

"आणि ही?" काकूंनी माझ्याकडे बोट केलं.

"माझ्याकडे बाई आहे ना."

काका पेपरातून वर न बघता म्हणाले, "हिला मोटार शिकवू. हिला काय अवघड आहे? आपल्या मोटारीला गिअरही नाहीत."

ताई हसली. पण कबूल झाली. दिवाळीपर्यंत माझं लायसन्स आलं तर हे घर चालू ठेवायचं, नाही आलं तर फ्लॅटला कुलूप. गणपती नुकतेच बसले होते. फी काकू देणार होत्या, क्लास मी शोधायचा होता. पैसे दुसऱ्याचे. एक रुपया जास्त गेला तर काय म्हणतील, या भीतीने मी सगळीकडे दोनदोनदा विचारायला लागले आणि पुण्यात दोनदा विचारणाऱ्याचं काय होतं ते शिकले.

पहिला क्लास धायरी फाट्याजवळ. फी सगळ्यात कमी, लेसन वीस. मी विचारलं, एक लेसन म्हणजे किती?

"अर्धा तास."

"किती किलोमीटर होतात जी अर्ध्या तासात?"

"ते सिंहगड रोडला विचारा," तो म्हणाला.

बाहेर त्यांची गाडी उभी होती. चालवायला एक मुलगी, मागे तिघं आपला नंबर येण्याची वाट बघत बसलेली. त्यातल्या एकीने खिडकीतून सांगितलं, की ट्रॅफिकमध्ये उभं राहिलं तरी अर्धा तास चालूच असतो, काल ती तीन सिग्नल शिकली. टेस्टच्या दिवशी गाडी मिळेल का, हे विचारलं तर मालक म्हणाला, "मिळेल. तिचं वेगळं." लायसन्सच्या कागदांचं? "तेही वेगळं." मग या फीत काय काय आलं? "लेसन आले की. लेसनच घ्यायला आलात ना?"

दुसऱ्या ठिकाणी काचेचं दार आणि एसी. लेसन पंचवीस. काकूंना फोन करून सांगणारच होते, तेवढ्यात कळलं की पहिले सात लेसन खुर्चीत बसून पडद्यासमोर. खोटं स्टिअरिंग, खोटा रस्ता. फी मात्र खरी, पहिल्या क्लासच्या जवळपास दुप्पट.

तिसरा क्लास एक बाई चालवायच्या. लेसन पंधराच, पण प्रत्येक लेसन पाच किलोमीटरचा, मग त्याला वेळ कितीही लागो. एका वेळी गाडीत एकच शिकणारी. दोन गाड्या होत्या, एक गिअरची आणि एक ऑटोमॅटिक. ऑटोमॅटिकची फी जास्त, आणि ती एकच असल्याने तिला रांग. टेस्टच्या दिवशीची गाडी फीत धरलेली. लायसन्सचे कागद त्यांच्याकडून करून घेतले तर त्याचे वेगळे पैसे, सरकारी फी पावतीप्रमाणे.

मी घरी येऊन काकूंना तोंडपाठ सगळं सांगितलं. काकू म्हणाल्या, "तिसरीच घे. पंधरा खरे लेसन वीस खोट्यांपेक्षा बरे."

काका म्हणाले, "टेस्टला आपलीच मोटार न्या. त्यांची कशाला?"

"आणि टेस्टच्या ट्रॅकपर्यंत ती नेणार कोण? तुम्ही?" काकूंनी विचारलं.

काका पुन्हा पेपरात गेले.

राहिले कागद. बाईंचा कागदांचा आकडा मला फार वाटला. मंडईत भाजीचे भाव चार ठिकाणी बघून घेणारी मी, इथे का नाही बघायचं? क्लासवाल्या बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "बाहेरून करायचे तर करा, माझी काही हरकत नाही. पण लर्निंग लायसन्स हातात असल्याशिवाय माझ्या स्टिअरिंगला हात लावायचा नाही."

चौकातल्या एका झेरॉक्सच्या दुकानात ऑनलाइन अर्ज भरून देत. तिथला आकडा क्लासच्या निम्म्याहून कमी होता. मला इतका आनंद झाला, की तो कमी का आहे हे विचारायचं सुचलं नाही. जे सगळीकडे दोनदोनदा विचारत होते, ते नेमकं तिथे एकदाही विचारलं नाही.

कॉम्प्युटरमागच्या माणसाने मान वर न करता विचारलं, "कशाचं लायसन्स?"

"गाडीचं."

"गिअरची, की बिनगिअरची?"

"बिनगिअरची," मी ठासून म्हणाले. काकांचं वाक्य कानात होतंच.

आधार, फोटो, फोनवर आलेला आकडा, सगळं झालं. तिथेच बसून परीक्षाही दिली. रस्त्यावरच्या खुणा, कुठे थांबायचं, कोणाला आधी जाऊ द्यायचं. मी पास झाले. दुकानदाराने छापलेला कागद दिला, त्यावर माझा फोटो, घाबरलेला. शाळा सुटल्यापासून मी कशातच पास झाले नव्हते. काकूंनी त्या दिवशी शिरा केला, मला करू दिला नाही.

ऑटोमॅटिकची रांग लांब होती. माझा नंबर लागेपर्यंत गणपती जाऊन नवरात्र संपत आलं. मी मनात हिशेब धरला होता, की लर्निंग मिळाल्यावर महिनाभराने पक्क्या लायसन्सची टेस्ट देता येते, तो महिना तर रांगेतच सरतोय. लेसन संपले की लगेच टेस्ट. दिवाळीच्या आत बसत होतं.

पहिल्या दिवशी क्लासच्या सरांनी कागद मागितला. बघितला. मग माझ्याकडे बघितलं.

"स्कूटर शिकायची आहे का?"

"नाही जी. गाडी."

"हे स्कूटरचंच आहे. बिनगिअरची दुचाकी." त्यांनी इंग्रजी अक्षरांवर बोट ठेवलं. "चारचाकीचं असतं तर इथे एलएमव्ही आलं असतं."

"पण मी गाडीचंच सांगितलं होतं."

"मग त्याने गाडीचंच काढलंय," सर म्हणाले. "पुण्यात गाडी म्हणजे काय? माझी बायकोही गाडीवरच भाजी आणते."

आमच्याकडे दोन चाकांची ती फटफटी. गाडी म्हटली की तिच्यात माणसं आत बसतात. या शब्दाला दुसरा अर्थ असेल हे माझ्या डोक्यात आलंच नाही. आणि तो आकडा निम्मा का होता, तेही तिथे उभ्याउभ्या कळलं. मी स्कूटरचा भाव कारच्या भावाशी लावून बघत होते आणि स्वतःला हुशार समजत होते.

दुकानात गेले. माझा आवाज चढला होता, गावी असते तर एवढ्यावर चार लोक जमले असते. तो म्हणाला, "तुम्हीच म्हणालात बिनगिअरची. कार बिनगिअरची असते हे मला काय माहीत? आमच्याकडे विचारूनच भरतात."

"मग चारचाकी का दुचाकी, हे काहून नाही विचारलं?"

"तुम्ही का नाही सांगितलं?"

राग इतका आला होता, की रडू येत नव्हतं. चारचाकीसाठी नवा अर्ज, नवी फी, आणि महिन्याची वाट पुन्हा पहिल्यापासून. पक्क्या लायसन्सची टेस्ट फी अजून भरली नव्हती, तेवढीच वाचली. या वेळी कागद क्लासवाल्या बाईंकडेच दिले. त्यांनी एका शब्दाने टोमणा मारला नाही. तो मारला असता तर बरं वाटलं असतं.

घरी मी दुकानातल्या आकड्यासकट सगळं सांगितलं. रविवारी ताई आली आणि सगळं ऐकून म्हणाली, "म्हणजे दिवाळी गेली."

"मोटारीला गाडी म्हणणं हा काही गुन्हा नाही," काका म्हणाले.

"बाबा, मी गुन्हा कुठे म्हणतेय? मी तारीख म्हणतेय."

"गिअर नाहीत हे तिला मीच सांगितलं होतं. मग मलाही खराडीला शिक्षा भोगायला नेतेस का?"

"खराडी शिक्षा आहे का, बाबा?"

"बाराव्या मजल्यावरून खाली बघायचं आणि खाली कोण चाललंय ते दिसायचं नाही. मला आता लांबचं तसंही दिसत नाही, पण निदान ऐकू तरी यावं."

काकूंनी मग मध्यम मार्ग काढला. दिवाळीला दोघं खराडीला जातील आणि टेस्ट होईपर्यंत तिथेच राहतील. मी इथे. झाली पास तर परत. नाही झाली तर फ्लॅटला कुलूप. ताईने मला बाजूला घेऊन म्हटलं, "तुझ्याबद्दल माझं काही नाही गं. आईला कोणीतरी न्यायला-आणायला हवं, एवढंच." मला ते माहीत होतं. म्हणूनच तिच्यावर रागावताही येत नव्हतं, आणि सगळा राग फिरून माझ्याच अंगावर येत होता.

ते आठवडे मी रिकाम्या घरात एकटीचा भात शिजवला आणि पाच-पाच किलोमीटर गाडी चालवली. नऱ्ह्याच्या चढावर गाडी मागे सरकली की सर ब्रेक दाबायचे आणि म्हणायचे, "अहो, पुढे जायचंय आपल्याला." ट्रॅफिकमध्ये अडकलो तरी लेसन संपायचा नाही. एकदा पाच किलोमीटरला सव्वा तास लागला. सर घड्याळ बघत होते, मी नाही. तेवढं एक मी नीट निवडलं होतं.

टेस्टच्या दिवशी ट्रॅकवर आठच्या आकड्यात माझं चाक रेघेला घासतंय असं मला वाटलं. मी तिथेच सगळं संपलं असं धरून उरलेलं चालवलं. उतरल्यावर साहेबाने काही सांगितलं ते मला ऐकूच आलं नाही. सरांनी दोनदा सांगितलं तेव्हा समजलं, की पास.

मी खराडीला फोन लावला. काकूंनी उचलला. मी म्हणाले, "काकू, झाले. चारचाकीचंच आहे, मी दोनदा विचारलं."

मागे काका काहीतरी मोठ्याने विचारत होते.

"पक्कं कार्ड हातात आलं की सांग," काकू म्हणाल्या. "आमच्या बॅगा भरलेल्याच आहेत. पण अगं, न्यायला येताना हडपसरवरून ये. शहरातून येणारा रस्ता तुला झेपायचा नाही."

हडपसरवरूनचा रस्ताही मला झेपणारा नव्हता. मी "होय जी" म्हणाले.