उघाडीतली पाचर

कोंडाजी आमच्या खारेपाटातला. भाताची जमीन बेताची, जीभ मात्र बेताची न्हाय. बैलावर ओरडला तर पलीकडच्या पाड्यातली कुत्री उठायची. असल्या माणसाला गावानं तंटा मिटवायच्या कामाला लावलं, यातच आमच्या गावाची अक्कल दिसते. पण दुसरा कोण होता? बाकीच्यांनी कोळ्यांची जाळी जाळली होती. हा त्या दिवशी तापानं पडला होता, म्हणून त्याचे हात कोरे राहिले.

भांडण उघाडीवरून. आमची शेतं खाडीच्या पाण्यापेक्षा खाली. मधे बांध, आणि बांधात उघाडी, म्हणजे पाण्याला जायची मोरी. तिला खाडीच्या अंगानं लाकडी झडप टांगलेली. भरती आली की खाडीचं पाणी झडप दाबून बंद करतं, ओहोटीला शेतातलं पावसाचं पाणी तीच ढकलून बाहेर जातं. त्या जात्या पाण्याबरोबर मासळी निघते, म्हणून कोळी उघाडीच्या तोंडाशी खुंट ठोकून जाळं लावायचे. पावसाळ्यात होड्या वर ओढलेल्या, दर्यात जायचं न्हाय, तेव्हा कोळीवाड्याची चूल त्या जाळ्यावर. पण आमच्यातले म्हणायचे, कोळी भरतीला झडप उचलून ठेवतात, खारं पाणी आत घेतात, म्हणजे मासा जास्त. शेतं करपली. मग जाळी जळली. मग एका अंधाऱ्या पहाटे कुणीतरी बांध फोडला आणि सगळं भात गेलं.

तो तंटा खाडीपलीकडच्या तुळशीराम पाटलांनी मिटवला. त्यांची इथे ना शेती, ना जाळं. दोन्हीकडच्यांना त्यांनी मारुतीच्या देवळात बसवलं आणि नारळ ठेवून ठरवलं: ओहोटीला उघाडीचं तोंड कोळ्यांचं, त्यांच्या खुंटांना कुणी हात लावायचा न्हाय. झडपेला कुणी हात लावायचा न्हाय. उठता उठता म्हणाले, "नारळ फोडला म्हणजे झालं असं समजू नका. करार करणं म्हणजे लगीन. राखणं म्हणजे रोजचं शेण काढणं. दर उधाणाला, म्हणजे अवस-पुनवेला, दोघांनी बांध फिरायचा, एक तुमचा, एक त्यांचा. आणि फिरायचं जोडीनं. काही वाकडं दिसलं तर ज्याच्या अंगणातलं, त्याच्या घरी जाऊन हळू सांगायचं. चव्हाट्यावर न्यायचं न्हाय. ज्यानं मोडलं त्याच्याच हातानं नीट करून घ्यायचं. तुम्हा दोघांना जमलं न्हाय तर मला बोलवा."

आमच्याकडनं कोंडाजी, कोळ्यांकडनं अंबाजी नाखवा. अंबाजी कमी बोलणारा, तंबाखू जास्त.

पहिलं वर्ष दोघांनी कराराची नीट चाकरी केली. एकदा अंबाजीच्या पुतण्यानं, सदूनं, भरती चढतानाच जाळं टाकलं. कोंडाजीला दिसलं. तो गावात बोलला न्हाय. अंबाजीच्या पडवीत जाऊन बसला, चहा घेतला, पावसाचं बोलला, आणि निघताना म्हणाला, "नाखवा, सदूला ओहोटीची घाई झालेली दिसते." दुसऱ्या दिवशी सदूनं जाळं आपल्या हातानं काढलं. आणि आमच्यातल्या एकानं खुंटाला म्हैस बांधली, तेव्हा अंबाजी असाच येऊन कोंडाजीच्या ओट्यावर बसला. म्हैस सुटली. कुणाला कळलंही न्हाय. कळलं न्हाय म्हणूनच ते टिकलं.

पण न कळणाऱ्या कामाला गावात मान न्हाय. देवळाच्या पारावर लोक विचारायचे, "काय कोंडाजी, कोळीवाड्यात जेवन झालं?" धर्माजी नावाचा एक तोंडाळ होता, तो तर त्याला सरळ "कोळ्यांचा जावई" म्हणायचा. कोंडाजी हसायचा. पण मग घरी जाऊन बैलावर जास्तच ओरडायचा.

छप्पन सालच्या आषाढातली अवस. लावणी होऊन रोपं धरलेली. अंबाजी हिवतापानं पडला होता. त्याची बायको काशी हिनं निरोप धाडला, "आज धनी उठत न्हाय, उद्या फिरू." उधाण उद्यापर्यंत थांबतं का, म्हणून कोंडाजी एकटाच बांधावर गेला. करारातली पहिली गोष्ट त्यानंच मोडली, आणि त्याला ती मोडल्यासारखी वाटलीही न्हाय.

भरती चढत होती. झडप बंद असायला हवी, तर खालनं पाणी आत येत होतं, खळखळ. कोंडाजी चिखलात उतरला, हात घातला. झडपेच्या फटीत लाकडाची पाचर ठोकलेली. त्यानं ती हिसकून काढली. झडप धाडकन बसली. आतल्या कोपऱ्यातल्या वावरात घोटाभर खारं पाणी शिरलं होतं.

आता रीत काय होती? पाचर घेऊन अंबाजीच्या पडवीत जायचं. ताप असला तरी उशाशी बसायचं. कोंडाजीला ते ठाऊक होतं, पाय तिकडे वळलेही. पण वाटेत पार आला, पारावर धर्माजी बसलेला.

"काय जावईबापू, सासुरवाडीला?"

कोंडाजीनं पाचर पारावर आपटली.

"हे बघ. झडपेत व्हती. कोळ्यांचंच काम. आता बोल, मी कोळ्यांचा जावई का तुमचा मानूस?"

झालं. पुढचं त्याला आवरता आलं न्हाय, आणि खरं सांगायचं तर त्यानं आवरलंही न्हाय. त्या पोरकट क्षणी त्याला बरं वाटलं. सगळे त्याच्याकडे बघत होते, पाठीवर थाप मारत होते. ओहोटी लागताच धर्माजी आणि चारपाच जण उघाडीवर गेले, कोळ्यांचे खुंट उपटले आणि खाडीत सोडून दिले.

कोंडाजी घरी आला. गोठ्यात त्याचा धाकटा भाऊ मोरू बैलाच्या पाठीमागं उभा, तोंड भिंतीकडे.

"दादा, खुंट उपटले काय?"

"उपटले."

"पाचर माझी व्हती."

कोंडाजीला आधी कळलं न्हाय.

"तळ्यात जिताड्याची पिल्लं पायजे व्हती," मोरू म्हणाला. "आता खाडीत लय हायत. भरतीला थोडं पानी आत घेतलं की पिल्लं येतात. एक रातचं काम. सकाळी काढनार व्हतो. पोरीचा नवरा दिवाळीला येईल, त्याला ताटात काय घालू? चिंबोरी?"

जिताडा मासा म्हणजे आमच्याकडं जावयाची इभ्रत. घरच्या तळ्यातला जिताडा शिजवला न्हाय तर जावई बोलत न्हाय, पण व्याही बोलतात. तेवढ्यासाठी मोरूनं झडप उघडी ठेवली होती. आणि कोळ्यांवर आळ आला होता, तोही कोंडाजीच्या तोंडून.

"तूबी तिथंच व्हतास. मंग पारावर का न्हाय बोललास?"

"तूच एवढा ओरडत व्हतास. मी कधी बोलू?"

कोंडाजीनं हात उगारला, आणि खाली घेतला. मारून काय होणार होतं? मोरूनं पाचर ठोकली होती, पण ती पारावर त्यानं आपटली होती. भाकरी समोर आली, ती त्यानं बाजूला सरकवली. बायको गोदू म्हणाली, "आता गप ऱ्हावा. कुनाला ठाव हाय? चार दिवसांनी इसरतील." हे ऐकून त्याला जास्तच लाज वाटली, कारण त्याच्याही मनात तेच येऊन गेलं होतं.

पण कोळीवाडा विसरणार नव्हता. खुंट गेले म्हणजे जाळं गेलं, जाळं गेलं म्हणजे नारळीपुनवेपर्यंत चूल गेली. तिकडे बांध फोडायला कुदळी निघाल्याची बातमी आली. पुन्हा बांध फुटला तर हातातलं सगळं भात जाणार. म्हणून भर पावसात कोंडाजीनं मोरूला दंडाला धरलं आणि कोळीवाड्यात नेलं.

अंबाजीच्या पडवीत माणसं दाटली होती. सदूच्या हातात कुदळ. कोंडाजी आत आला. कुणी बस म्हणालं न्हाय. अंबाजी घोंगडी पांघरून भिंतीला टेकला होता, दात वाजत होते.

कोंडाजीला वाटलं होतं, आधी पावसाचं बोलू. तोंडातनं पाऊस निघेना.

"नाखवा, पाचर आमची. मोरूची. मी एकटा फिरलो, तुमच्याकडं यायचं सोडून पारावर गेलो. कोळ्यांनी ठोकली असं मीच बोललो. बघितलं व्हतं का? न्हाय. तरी बोललो."

मोरू खाली बघून म्हणाला, "जिताड्यासाठी केलं."

कुणीतरी हसलं, तेही वाईट हसू. काशी दारातून पुढं आली.

"सदूचं जाळं हळू सांगायला आला व्हता नं, दादा? आमच्या पोराचं हळू, आनी आमच्या जातीचं मोठ्यानं?"

कोंडाजी मान वर करायला गेला, तर समोर सदू. ज्या पोराला त्यानं एकदा सांभाळून घेतलं, तो आता त्याच्याकडे चिखलाकडे बघावं तसा बघत होता.

सदू म्हणाला, "पाटलांना बोलवा. आनी तोवर आपन बांधाचं बघतो."

"बांधाला हात लावशील तर आदी मना उचलून बाजूला ठेव," अंबाजी घोंगडीतून म्हणाला. मग बराच वेळ खोकला. "पाटील कशाला? हा चालत आलाय. कोंडाजी, तुमचं काय म्हननं?"

"ज्यानं मोडलं त्यानं नीट करायचं. उद्याच्या ओहोटीला खुंट आमी ठोकू. मोरू तळ्यातली पिल्लं तुमच्यासमोर खाडीत सोडील. आनी पारावर बोललो ते पारावरच परत घेईन, ज्यांनी ऐकलं त्यांच्यासमोर."

"आनी यापुढं एकटं फिरायचं न्हाय," काशी म्हणाली. "हे आजारी असतील तर मी येईन."

अंबाजीनं मान हलवली. सदूनं कुदळ भिंतीला लावली, पण सोडली न्हाय.

पारावर परत घेणं हे सगळ्यात वाईट. कोंडाजी आवाज चढवून बोलायला गेला आणि त्याचा आवाजच बसला. धर्माजी म्हणाला, "भावाला झाकायचं सोडून गावाचं नाक कापतंस?" कोंडाजी म्हणाला, "नाक मीच कापलं. काल, ह्याच जागेवर." खुंट उपटणाऱ्यांतले दोघंच ते परत ठोकायला आले. धर्माजी आला न्हाय, आणि पुढं कधी त्यानं कोंडाजीशी धड शब्द काढला न्हाय.

ओहोटीला कोळीवाडा बांधावर उभा. मोरूनं मडक्यातली पिल्लं खाडीत ओतली. इतकीशी, बोटाएवढी, ती दिसल्यावर कोळणी खोखो हसल्या. "ह्येच्यासाठी का रं बाबा, व्याह्याला दावायला?" मोरूचे कान लाल झाले.

कोंडाजी मांडीपर्यंत चिखलात उभा राहून खुंट ठोकत होता. भातवाला माणूस तो, खुंट कसा बसवायचा ठाऊक न्हाय. पहिला खाडीकडं कललेला बसला. तो घाईनं दुसऱ्याकडे वळला.

"वाकडा हाय," काशी बांधावरनं म्हणाली. "जाळं फाटंल. काढा."

त्यानं वर बघितलं न्हाय. दोन्ही हातांनी खुंट हलवला, उपटला, आणि पुन्हा ठोकायला घेतला.