यादीतलं सातवं कलम

बीडच्या आरोग्य कचेरीतला कारकून सिद्धलिंग पाल्हाळाचा वैरी होता. दहा पानं त्याच्या हाती दिली की अर्ध्या पानावर उतरायची, अन् कामाचं अक्षर एकही गळायचं नाही. त्या गुणानंच बिचाऱ्याचा घात केला.

डॉक्टर विठ्ठलरावांनी हैदराबादेत नारू या पाण्यातल्या किड्यानं होणाऱ्या रोगावरच्या एका इंग्रजी प्रयोगाची पानं फोटो काढून आणली; पुस्तक बाहेर न्यायला मनाई होती. म्हणाले, "तिथं केलं तेच इथं करायचंय. कुणीही वाचून करील अशी यादी द्या."

सिद्धलिंगानं कारणं, आभार, मोठमोठी वाक्यं सगळं झटकलं. नमुना: आठ गावांच्या आठ बारवा, म्हणजे पायऱ्यांच्या विहिरी; चिठ्ठ्या टाकून चारांत चुना, चार कोऱ्या. सामान: कळीचा चुना, मलमल, भिंग, मोजपट्टी. कृती: बारवेतलं पाणी मोजा, हजार शेराला दोन शेर चुना टाका, दोन दिवस पाणी भरू देऊ नका. आठही बारवांचं घागरभर पाणी चुन्याआधी अन् नंतर मलमलीतून गाळून अडकलेले किडे मोजा. किती दिवसांनी पुन्हा, तो आकडा फोटोच्या कडेला कापला गेला होता. खाली चोवीस आठवड्यांत बारा वेळा असं होतं. त्यानं लिहिलं, 'दर चौदा दिवसांनी. मूळ आकडा दिसत नाही, हिशेबानं काढला.' सहावं कलम: वर्षानं घरोघर नारूचे रोगी मोजा.

सातव्यावर लेखणी अडली. 'कोऱ्या गावांना काही सांगू नये. लोकांनी पाणी नेहमीसारखंच भरावं.'

हे गाळलं असतं तर कुणाला कळणार होतं? डॉक्टर फोटो पुन्हा थोडेच बघणार! पण मग तो प्रयोग तोच राहत नव्हता, अन् उद्या जिल्ह्यातल्या बारवांना चुना कोण मंजूर करणार? त्यानं लिहिलं. चौथ्या दिवशी चिठ्ठ्या टाकल्या. त्याचं गाव पाली कोरं निघालं.

घरी बायको दानम्मा घागर घासत होती. आदल्या साली तिची जाऊ नारूनं चार महिने खाटेवर होती.

"आवो, तुमचं जुनं धोतर घागरीला बांधू का? म्हन्त्यात पानी गाळलं की न्हाई व्हत."

किडा मलमलीत अडकतो हे सिद्धलिंगानंच लिहिलं होतं.

"कावून? नेहमी भरतीस तसंच भर की," तो म्हणाला.

वर्ष सरलं. चुन्याच्या चार गावांत मिळून तीन रोगी निघाले. त्यांचा अहवाल आधीच हैदराबादला गेला. तिथून उत्तर आलं नाही अन् चुनाही आला नाही.

मग कोरी गावं मोजली; त्यांतली शेवटची पाली होती. घरोघर फिरून सिद्धलिंगानं अकरा रेघा ओढल्या अन् आपल्या उंबऱ्यावर आला. दानम्मा पाय लांब करून बसली होती. घोट्यातून पांढरा दोरा बाहेर आला होता, काडीला गुंडाळलेला.

"गाळलं तर न्हाई व्हत, हे तुमाला ठावं व्हतं?" तिनं विचारलं.

"व्हतं."

तिनं तोंड फिरवलं. सिद्धलिंगानं कागद गुडघ्यावर ठेवला अन् बारावी रेघ ओढली.