नवऱ्याचा रशियन रिझ्युमे

वणीत माझं टायपिंगचं दुकान आहे. लग्नाचे बायोडेटा, नोकरीचे अर्ज, सगळं मी करते आणि त्याचा मला जरा गर्वच आहे. म्हणून नवऱ्याचा रिझ्युमे नागपूरच्या एजन्सीतून परत आला, तेव्हा राग मला आला, त्यांना नाही.

नवरा वेल्डर. कोळशाच्या खाणीवर ठेकेदाराकडे होते. ठेका संपला आणि माणूस घरी बसला. तेवढ्यात रशियातल्या एका बांधकामासाठी वेल्डर हवेत असं कळलं. आमच्यासाठी हीच एक दारात आलेली संधी होती.

एजन्सीतल्या बाईंनी फोन केला. "मॅडम, हा रिझ्युमे आहे की स्थळाचा कागद? धर्म, जात, उंची, वर्ण, छंद भजन ऐकणे! खाली 'वरील माहिती सत्य आहे' अशी शपथ. यातलं काही त्यांना लागत नाही."

माझ्या हाताला सवय लागलेली, दुसरं काय! मग त्यांनीच सांगितलं ते मी मुकाट्यानं लिहून घेतलं. वर साधा, स्वच्छ फोटो. आडनाव आधी, मग नाव. हे तर आपल्यासारखंच. जन्मतारीख, नागरिकत्व, कोणतं पद हवं, पगार किती अपेक्षित. नोकऱ्या उलट्या क्रमानं, शेवटची सगळ्यात वर. रशियन येत नसेल तर येत नाही असंच लिहायचं. भाषांतर एजन्सीच करणार होती.

"आणि 'मेहनती, प्रामाणिक, सर्व प्रकारची वेल्डिंग' काढा," त्या म्हणाल्या. "काय जोडलं, कशानं जोडलं, ते लिहा."

संध्याकाळी मी यांना समोर बसवलं. "सांगा, खाणीवर काय करत होते?"

"वेल्डिंग."

"ते मले मालूम हाय. कायची?"

"आता डंपर म्हना, पोकलेन म्हना. आमी सगळे मिळून करत होतो न वं."

"सगळे रशियाले चालले काय? तुमी काय केलं ते सांगा."

एकेक गोष्ट ओढून काढावी लागली. विहिरीतून पाणी शेंदणं सोपं. पण निघालं ते बघून मीच थक्क झाले. पोकलेनच्या बकेटचे झिजलेले दात बदलणे. डंपरच्या तळाला जाड प्लेट चढवणे. जोड घासून तडा तपासणे. हजेरीच्या कार्डावर मात्र पाच वर्षं 'हेल्पर'. मी लिहिलं: कार्डावर हेल्पर, प्रत्यक्ष काम वेल्डिंग. खोटंही नाही आणि कमीही नाही.

दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन. "मधलं दीड वर्ष रिकामं आहे. तिथले लोक पहिलं तेच विचारतात."

ते मीच गाळलं होतं, नवऱ्याच्या सांगण्यावरून. त्या काळात यांनी घाटंजीकडे स्वतःचं दुकान टाकलं होतं. ते बसलं. त्या दुकानाचं नाव निघालं की हे उठून बाहेर जात.

"नको लिवू," हे म्हणाले. "बुडालेलं दुकान कोन लिवते?"

"दुकान बुडालं, पन काम तं केलं ना? काय केलं?"

"काय करतो? ट्रॉल्या दुरुस्त केल्या. बोअरच्या गाडीवर जात होतो. केसिंगचे लोखंडी पाइप उभे धरायचे आन गोल फिरून जोड मारायचा. एक जोड फुटला तं सगळी बोअर गेली."

मी टायपिंग थांबवलं. एजन्सीच्या जाहिरातीत पहिल्याच ओळीत होतं: पाइप वेल्डर.

"अहो! तुमी तं पाइप वेल्डर हाय!"

"तं काय झालं? बोअरच तं हाय."

मी लिहिलं: स्वतःचं काम, बोअरच्या उभ्या केसिंग पाइपांचे गोल जोड, इलेक्ट्रोड वेल्डिंगनं, उघड्यावर. प्रमाणपत्र नाही, चाचणी देण्यास तयार. मग त्यांना पूर्ण पान मोठ्यानं वाचून दाखवलं. ते मान खाली घालून ऐकत होते. "येवढं मीच केलं?" म्हणाले. मला इतका आनंद झाला की मी शेजारच्या टपरीवरून दोन चहा मागवले आणि दोन्ही मीच प्यायले.

चाचणीला नागपूरला दोघंही गेलो. मी फाटकाबाहेर निंबाखाली बसले. आत त्यांना उभा पाइप दिला होता. रशियाहून आलेल्या माणसानं जोड उलटसुलट करून पाहिला, दुभाष्यामार्फत विचारलं, हे कुठं शिकलात. हे म्हणाले, घाटंजीले, माह्याच दुकानात. त्या दुकानाचं नाव त्यांनी परक्या माणसासमोर स्वतःहून घेतलं, हे मला बाहेर आल्यावर त्यांनीच हसत हसत सांगितलं. निवडलेल्यांच्या यादीत यांचं नाव होतं.

परतीच्या एसटीत ते खिडकीशी बसून दोन वर्षांचा करार, विमान, गरम कपडे असं काहीबाही बोलत होते. मी त्यांची बाही घट्ट धरून बसले होते. डोळ्यांतलं पाणी काही थांबेना.

"रडून कायले राह्यली वं? पास झालो ना मी!"

"म्हनूनच तं," मी म्हणाले.