ओढूची सोमवारची तारीख

आमच्या वृद्धाश्रमाच्या ऑफिसात एक कारकून आहे. त्याला सगळे ओढू म्हणतात. त्याच्याबद्दल चार शब्द लिहावेत असं बरेच दिवस मनात होतं, पण मला लिहिण्याची सवय नाही आणि जमेल असंही वाटत नव्हतं. तरी लिहितो.

ओढू चाळिशीचा असेल. पूर्वी तो फरशीच्या दुकानात बिलं करायचा. लग्न झालेलं नाही, घरी आई आहे. कानावर पेन लावून फिरतो आणि त्या पेननं कधी काही लिहीत नाही, कारण त्याचं सगळं काम कॉम्प्युटरवर. तो यायच्या आधी आमच्याकडे औषधांचे तक्ते सिस्टर हातानं आखायच्या. रेघा वाकड्या, अक्षर डॉक्टरांच्या वरताण. ओढूनं महिन्याभरात सगळं छापील करून टाकलं. प्रत्येकाच्या प्रत्येक औषधाचा वेगळा कागद, डावीकडे तारखा, उजवीकडे खूण करायला चौकोन. कागद पलंगाच्या पायथ्याला क्लिपबोर्डवर लटकायचा.

"एवढ्या तारखा टाइप करतोस?" मी एकदा विचारलं.

"छे हो काका! पहिली लिहायची, त्या खान्याचा कोपरा माउसनं धरायचा आणि खाली ओढायचं. ओढलं की झालं."

हे "ओढलं की झालं" तो दिवसातून इतक्यांदा म्हणायचा की माझ्या थोरल्या बहिणीनं त्याचं नाव ओढू ठेवलं. अक्का बायकांच्या बाजूला राहते, मी पुरुषांच्या. मधे अंगण. तिची जीभ लहानपणापासून धारदार, आणि वयानं सांधे गेले तरी जीभ शाबूत राहिली. ओढू दिसला की ती हाक मारायची, "काय रे ओढ्या, आज काय ओढलंस?"

एकदा त्यानं फजिती करून घेतली होती. धोब्याकडे जाणाऱ्या कपड्यांना क्रमांकाच्या चिठ्ठ्या लावायचं ठरलं. त्यानं पहिल्या खान्यात एक लिहिला, खाली ओढला आणि न बघता छापून आणला. सगळ्यांना एकच क्रमांक! आठवडाभर आम्ही एकमेकांच्या पायजम्यात फिरत होतो. माझ्याकडे आलेला पायजमा इतका मोठा होता की मी तो हातानं धरूनच जेवायला गेलो.

"आपल्या आश्रमात सगळे पहिलेच," अक्का म्हणाली. "शेवटचं कोणीच नाही. कधी नव्हे ते न्याय झाला."

ओढू ओशाळला, पण त्यानं मला ऑफिसात नेऊन समजावून सांगितलं. नुसता एक आकडा लिहून ओढला तर यंत्र तोच आकडा पुन्हा पुन्हा लिहितं. एक आणि दोन असे दोन खाने लिहून दोन्ही धरून ओढले, तर दोघांतलं अंतर बघून तीन, चार, पाच करत जातं. तारखेचं वेगळं. एकच तारीख ओढली तर एकेक दिवस पुढे जातं.

"आणि अक्काची सोमवारची गोळी?" मी विचारलं.

"तिथे दोन सोमवार लिहायचे. मग ते सात-सात दिवसांनी उडी मारतं. दोन खाने दाखवले की त्याला चाल कळते, काका. एकच दाखवला तर ते आपल्या मनानं वागतं."

ती सोमवारची गोळी सांध्यांसाठी होती. लहानशी, पिवळी, आठवड्यातून एकदाच घ्यायची. तेव्हा मला ती साधी गोळीच वाटत होती.

गेल्या थंडीत अक्काची बोटं फार सुजली. तिला कप धरवेना. डॉक्टर आले, त्यांनी बोटं दाबून पाहिली आणि म्हणाले, "गोळी वाढवूया. एकाऐवजी दोन." दिवस तोच, सोमवार. म्हणून ओढूला तिचा तक्ता नव्यानं करायचा होता. त्यानं पहिल्या सोमवारची तारीख लिहिली. तेवढ्यात कोणीतरी ओरडलं की गच्चीवरची टाकी भरून वाहतेय. पंपाची किल्ली ओढूकडेच असते. तो धावत गेला, पंप बंद केला, पँट गुडघ्यापर्यंत भिजवून परत आला. आणि दोन्ही तारखा लिहून झाल्यात अशा समजुतीनं त्यानं न बघता एकच खाना धरून ओढला.

कागद छापून आला तेव्हा तो बाकीच्या कागदांसारखाच दिसत होता. उलट जास्तच नीट. पूर्वी अक्काच्या या कागदावर चार-पाच ओळी आणि खाली मोकळी जागा असायची. आता पान भरून तारखा.

जुन्या सिस्टर बाळंतपणाला गेल्या होत्या. नव्या सिस्टर मुलगीच होत्या, पण कामाला चोख. कागद बघायचा, औषध द्यायचं, खूण करायची. सोमवारी त्यांनी दोन गोळ्या दिल्या. मंगळवारीही दिल्या.

"आज परत?" अक्कानं विचारलं.

"कागदावर आहे ना, आजी."

"बरं. डॉक्टर वाढवतो म्हणालेच होते," असं म्हणून अक्कानं तोंड उघडलं.

मी तिथेच स्टुलावर बसलो होतो. मलाही ते बरोबरच वाटलं. वाढवतो म्हणाले होते, वाढवली.

शुक्रवारी संध्याकाळी अक्का जेवली नाही. तोंड जळतंय म्हणाली. शनिवारी सकाळी मी चहाला गेलो तर ती चहा न पिता कप दोन्ही तळव्यांत धरून नुसता गालाला लावून बसली होती. ओठ आतून सोलल्यासारखे लाल झाले होते.

"अक्का, काय झालं गं?"

"तिखट बोलून बोलून आलं असेल," ती म्हणाली. पण तेही पुटपुटत. अक्का पुटपुटते हे मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं.

मी तिचा हात धरून बसलो होतो. सिस्टर गोळ्यांचा ट्रे घेऊन आल्या, पिवळ्या गोळीची पट्टी उलटी-पालटी करून पाहिली आणि खिडकीतून हाक मारली. ऑफिस अंगणापलीकडेच आहे.

"ओढूदादा, आजींची पिवळी पट्टी संपली! नवी काढून ठेवा!"

ऑफिसातून ओढूचा आवाज आला. "संपली कशी? ती पाच आठवडे पुरते!"

"संपली हो. रिकामी आहे हातात."

मी खिडकीतून पलीकडे पाहिलं. ओढू खुर्चीवरून अर्धवट उठून टेबलावर वाकला होता, स्क्रीनकडे बघत. तो तसाच राहिला. त्याचा एक हात हवेत होता, काहीतरी धरायला निघालेला आणि मधेच विसरलेला. त्याचा चेहरा मला नीट दिसत होता. माणसाच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरतं म्हणतात ते मी पुस्तकात वाचलं होतं, त्या दिवशी पाहिलं.

आणि तो ओरडला. शब्द नव्हता तो. मग अनवाणी, अंगणातून, फुलझाडांचे वाफे तुडवत तो धावत आला, दारात सिस्टरच्या हातातला ट्रे त्यानं उडवलाच. गोळ्या फरशीवर पसरल्या.

"देऊ नका! काही देऊ नका! रोज दिलीत? रोज?"

"कागदावर…" सिस्टर म्हणाल्या आणि थांबल्या.

ओढूनं क्लिपबोर्ड उचलला. तारखांवरून बोट फिरवत गेला. सहा, सात, आठ, नऊ, दहा. प्रत्येकीसमोर सिस्टरची सुबक खूण.

"मी एकच ओढली," तो म्हणाला. "काका, मी एकच ओढली."

मला तेव्हा कळलं. दुसरा सोमवार लिहायचा राहिला होता आणि यंत्र रोजची तारीख टाकत गेलं होतं.

डॉक्टरांना फोन सिस्टरनंच केला. त्या रडत होत्या, पण गोळीचं नाव, किती आणि कधीपासून, हे सगळं त्यांनी नीट सांगितलं. पलीकडून डॉक्टर इतक्या मोठ्यानं बोलले की मला ऐकू आलं. "लगेच हॉस्पिटल! एक मिनिट थांबू नका!"

हॉस्पिटलात सांगितलं की ही गोळी रोज पोटात गेली की अंगात नवं रक्त तयार होणं थांबतं, तोंड सोलतं, साध्या तापानंही माणूस जाऊ शकतो. तिच्यावर उतारा म्हणून एक इंजेक्शन असतं, ते सुरू केलं. रक्ताच्या पेशी फार खाली आल्या होत्या. अक्काला वेगळ्या खोलीत ठेवलं, आम्हाला काचेतून बघायची परवानगी.

ओढू बाहेरच्या बाकावर बसायचा. मी घरी जा म्हणालो तरी हलायचा नाही. त्याची आई डबा घेऊन आली, तिनं त्याच्या पाठीवर हात ठेवला तर तो दचकला.

"काका, मला शिव्या तरी द्या," तो एकदा म्हणाला.

मला शिव्या येत नाहीत. मी त्याच्या शेजारी बसलो. रागही येत होता. टाकी भरून वाहिली असती तर काय बिघडलं असतं, असं मनात येत होतं. पण तो माझ्या अक्कासाठी अनवाणी धावला होता, त्याच्या तळव्याला काटे लागून सूज होती, तेही मला दिसत होतं.

बरेच दिवस पेशी वर येईनात. मग एके सकाळी डॉक्टरीणबाई हसत बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "चढायला लागल्या." ओढूनं बाकाच्या कडेवर डोकं टेकवलं.

अक्का परत आली ती अर्धी होऊन. पिवळी गोळी कायमची बंद. त्यामुळे बोटं पुन्हा सुजली, आता तिला वेणी घालता येत नाही, त्याच नव्या सिस्टर घालून देतात. त्या दोघींचं बरं जमतं. ओढूनं मात्र राजीनामा लिहून ठेवला होता. तक्ते पुन्हा हातानं होऊ लागले होते, वाकड्या रेघांचे.

अक्कानं ते पाहिलं आणि मला म्हणाली, "बाळू, मला ऑफिसात ने."

मी तिला चाकाच्या खुर्चीवरून नेलं. ओढू तिला पाहून भिंतीला चिकटला.

"बस," अक्का म्हणाली. "पलीकडच्या खोलीतल्या बाईंना आठवड्याचं इंजेक्शन आहे ना? कर तक्ता."

"अक्का, मी नाही हात लावणार त्याला."

"मग कोण लावणार? मी? या बोटांनी?" तिनं सुजलेले हात टेबलावर ठेवले. "दोन सोमवार लिही. मोठ्यानं वाच. आणि ओढ."

त्यानं लिहिले. वाचले. माउस धरला तो दोन्ही हातांनी, लहान मूल कप धरतं तसा. भिंतीवर कॅलेंडर होतं. तो एकेक तारीख वाचत गेला आणि अक्का कॅलेंडर बघून प्रत्येक तारखेला "सोमवार" म्हणत गेली.

शेवटची तारीख झाल्यावर तो सवयीनं "ओढलं की…" म्हणाला आणि त्यानं वाक्य तिथेच सोडलं.

"झालं का?" अक्कानं विचारलं.

"नाही," ओढू म्हणाला. "छापल्यावर परत वाचायचंय."